जो–तो शिकवताना: वळच्या वर्गासाठी दोन तासिका

भिवंडी तालुक्यातलं वळ हे अंजूर फाट्याच्या बाजूचं गाव. एके काळी भाताची शेती असलेल्या या पट्ट्यात आता गोदामांच्या रांगा आहेत आणि रस्त्यावर सकाळपासून टेम्पो आणि ट्रक लागलेले असतात. फाटकावर कुणी विचारलं, ‘कोणता टेम्पो आत घ्यायचा?’ तर ‘तो’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण समोर दहा टेम्पो उभे असतात. मग माणूस म्हणतो, ‘ज्याचा मागचा दिवा फुटलाय, तो.’ दहांतला एक टेम्पो नेमका वेगळा निघतो. शालेय व्याकरणात ज्याला विशेषणवाक्य म्हणतात त्याचं मुख्य काम हेच आहे: अनेकांमधून एक निवडून दाखवणं.

नववीच्या वर्गात मात्र हा विषय बहुतेकदा वेगळ्याच दारातून येतो. आधी मिश्र वाक्याची व्याख्या, मग प्रधानवाक्य आणि गौणवाक्य, मग गौणवाक्याचे नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य असे प्रकार. मुलं दिलेल्या वाक्यात ‘जो’ दिसला की त्याखाली रेघ मारतात आणि गुण मिळवतात. तीच मुलं निबंधात ‘जो मुलाने’ किंवा ‘जो मुलगी’ लिहितात. ओळखणं आणि बनवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि रेघ मारण्याच्या सरावातून दुसरं कौशल्य येत नाही. पुढे मांडलेला पाठ म्हणूनच बनवण्यापासून सुरू होतो. तो वळसारख्या गावातल्या मराठी माध्यमाच्या नववीच्या वर्गासाठी आखलेला आहे. त्याला ३५ मिनिटांच्या दोन जोड तासिका लागतात: १० मिनिटं सुरुवातीचा खेळ, १५ मिनिटं नियम शोधणं, ३० मिनिटं सराव आणि १५ मिनिटं शेवटची तपासणी.

वर्गात कोणकोणत्या भाषा बसल्या आहेत

पाठ आखण्याआधी शिक्षिकेला एक गोष्ट माहीत असायला हवी. भिवंडीत आगरी बोलणारी स्थानिक कुटुंबं आहेत, यंत्रमागांमुळे उत्तरेकडून आलेली हिंदी-उर्दू बोलणारी कुटुंबं आहेत आणि विणकामाची परंपरा असलेली तेलुगू कुटुंबंही आहेत. वर्गातली सगळी मुलं मराठीतच लिहितात, पण त्यांच्या चुका एकाच कारणाने होत नाहीत.

हिंदीतही जो–वह अशी जोडी आहे, त्यामुळे हिंदी बोलणाऱ्या मुलाला रचना नवी नसते. अडचण लिंगाची असते. हिंदीत ‘जो लड़का’ आणि ‘जो लड़की’ दोन्हीकडे ‘जो’च राहतो. मराठीत जो मुलगा, जी मुलगी, जे मूल, आणि अनेकवचनात जे मुलगे, ज्या मुली, जी मुलं अशी रूपं बदलतात. ‘जो मुलगी’ ही चूक निष्काळजीपणाची नसते. घरच्या भाषेचा नियम मुलाने इमानेइतबारे मराठीत वापरलेला असतो.

तेलुगूची वाट निराळी आहे. तिथे ही माहिती सहसा नामाच्या आधी येणाऱ्या धातुसाधिताने दिली जाते: ‘वच्चिन अब्बायी’, म्हणजे ‘आलेला मुलगा’. मराठीतही ‘आलेला’ आहेच, म्हणून तेलुगू घरातलं मूल जो–तो टाळून सरळ ‘-लेला’ वापरू शकतं. अशा मुलाच्या वहीत जो–तोच्या चुका सापडत नाहीत, कारण जो–तो सापडतच नाही. जॅकलिन शॅक्टर या भाषा-अभ्यासक बाईंनी १९७४ साली नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली होती. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या लेखनात अशा वाक्यांच्या चुका अरबी आणि फारसी बोलणाऱ्यांपेक्षा कमी होत्या, पण त्याचं कारण ती वाक्यं त्यांनी फारच कमी वापरली होती. वही स्वच्छ दिसते म्हणून विषय आला असं धरणं चुकीचं ठरतं. या पाठाची शेवटची तपासणी ठरवताना ही गोष्ट उपयोगी पडणार आहे.

सुरुवात: कोणता टेम्पो?

शिक्षिका फळ्यावर पाच टेम्पो काढते. चित्र साधंच, पण प्रत्येकात एकच वेगळी खूण. एकाचा मागचा दिवा फुटलेला. एकात कापडाचे तागे. एकाच्या टपावर मांजर बसलेलं. एकाला दोरी बांधलेली. एकाच्या शेजारी चालक उभा. एक विद्यार्थी मनात एक टेम्पो धरतो आणि बाकीच्यांना तो ओळखायला लावतो. अट एवढीच, की बोटाने दाखवायचं नाही, क्रमांक सांगायचा नाही आणि वाक्याच्या शेवटी ‘तो’ यायला हवा.

पाच चित्रं मुद्दाम अशी निवडलेली आहेत. उत्तरं येतात ती अशी: ‘ज्याचा दिवा फुटलाय, तो.’ ‘ज्यात तागे आहेत, तो.’ ‘ज्याच्या टपावर मांजर बसलंय, तो.’ ‘ज्याला दोरी बांधलीय, तो.’ ‘ज्याच्या शेजारी चालक उभा आहे, तो.’ एकाही उत्तरात नुसता ‘जो’ नाही. दहा मिनिटांत वर्गाने संबंधी सर्वनामाची चार रूपं स्वतःच्या तोंडाने उच्चारलेली असतात आणि अजून कुणी व्याख्या सांगितलेली नसते. शिक्षिका ही पाचही वाक्यं फळ्याच्या एका बाजूला लिहून ठेवते.

एखादा मुलगा ‘दिवा फुटलेला टेम्पो’ असं म्हणेल. ते उत्तर बरोबरच आहे. शिक्षिका ते फळ्याच्या दुसऱ्या बाजूला लिहिते आणि ‘याकडे नंतर येऊ’ एवढंच सांगते.

नियम मुलांनीच शोधायचा

आता तीन म्हणी फळ्यावर येतात: ‘ज्याच्या हाती ससा, तो पारधी.’ ‘ज्याचं जळतं, त्याला कळतं.’ ‘ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी.’ मुलांनी या म्हणी आधी ऐकलेल्या असतात, पण त्यांच्यातली सर्वनामं निरखलेली नसतात. शिक्षिका प्रश्न विचारते: पहिल्या म्हणीत एकीकडे ‘ज्याच्या’ आणि दुसरीकडे नुसता ‘तो’ का? दुसऱ्या म्हणीत एकीकडे ‘चं’ आणि दुसरीकडे ‘ला’ का?

उत्तरापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो आणि तो द्यावा. एकच माणूस दोन वाक्यांत दोन वेगळी कामं करतो. ‘ज्याचं जळतं’ इथे त्याची वस्तू जळते, म्हणून ‘चं’. ‘त्याला कळतं’ इथे कळणं त्याच्याकडे येतं, म्हणून ‘ला’. ‘जो’ची विभक्ती त्याच्या वाक्यातलं काम ठरवतं आणि ‘तो’ची विभक्ती त्याच्या वाक्यातलं. दोघांचं लिंग आणि वचन मात्र सारखं असतं, कारण माणूस एकच आहे. विभक्ती आपापली आणि लिंग-वचन सामाईक, या एका वाक्यात अर्धा पाठ बसतो.

दुसरा अर्धा भाग रूपांचा आहे, आणि तिथे मराठीत एक खाच आहे. ‘जो’च्या पुढे नाम असेल आणि त्या नामाला प्रत्यय लागला असेल, तर सगळ्या लिंगांत आणि वचनांत एकच रूप येतं, ‘ज्या’: ज्या मुलाने, ज्या मुलीने, ज्या मुलांनी, ज्या घराला. पण नाम गाळलं की लिंग आणि वचन पुन्हा दिसू लागतात: ज्याने, जिने, ज्यांनी. ‘ज्या मुलीने’ बरोबर, ‘जिने’ही बरोबर, पण ‘जी मुलीने’ चूक. ‘ज्या’चा आणखी एक उपयोग मुलांना गोंधळात टाकतो. ‘ज्या मुली आल्या’ इथे प्रत्यय नाही, तरी ‘ज्या’ आहे, कारण ते स्त्रीलिंगी अनेकवचन आहे. फळ्यावर हे दोन ‘ज्या’ एकाखाली एक लिहावेत आणि मुलांनी पुढच्या नामाला प्रत्यय आहे का ते पाहून दोघांना वेगळं करावं. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून संबंधी सर्वनामाच्या या रूपांची चर्चा मराठी व्याकरणात होत आली आहे. नववीच्या मुलांना तिच्यातलं एवढंच पुरतं.

एक वाक्य, सगळ्या पायऱ्यांनी

सरावाआधी एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवावं. दोन वाक्यं अशी:

एका ताईने पावती फाडली. मुकादमाने त्या ताईला बोलावलं.

दोन्ही वाक्यांत सामाईक कोण? ताई. पहिल्या वाक्यात तिला कोणता प्रत्यय लागला आहे? ‘ने’. म्हणून ‘ज्या ताईने’. त्याच्यापुढे पहिलं वाक्य जसंच्या तसं: ‘ज्या ताईने पावती फाडली’. दुसऱ्या वाक्यात तिला कोणता प्रत्यय? ‘ला’. नाम परत लिहायची गरज नाही, म्हणून ‘तिला’. पूर्ण वाक्य झालं: ‘ज्या ताईने पावती फाडली, तिला मुकादमाने बोलावलं.’

मुलं इथे दोन ठिकाणी अडतात. काही जण ‘ज्या ताईने पावती फाडली, तिने मुकादमाने बोलावलं’ असं लिहितात. पहिल्या वाक्यातला ‘ने’ डोक्यात राहतो आणि दुसऱ्यातही उतरतो. काही जण क्रियापदाला ताईशी जुळवायच्या नादात गोंधळतात. ‘फाडली’ हे रूप पावतीमुळे आलं आहे, ताईमुळे नाही. ‘ज्या ताईने कागद फाडला’ असं बदलून दाखवलं की ते लगेच दिसतं. ताई तीच आहे, क्रियापद मात्र बदललं.

मग शिक्षिका तीच दोन वाक्यं उलटी जोडायला सांगते: ‘ज्या ताईला मुकादमाने बोलावलं, तिने पावती फाडली होती.’ व्याकरण दोन्हीकडे बरोबर, पण दोन्ही वाक्यं एका प्रसंगी चालत नाहीत. ‘मुकादमाने कुणाला बोलावलं?’ या प्रश्नाला पहिलं वाक्य उत्तर देतं. ‘पावती कुणी फाडली?’ या प्रश्नाला दुसरं. ऐकणाऱ्याला जी गोष्ट आधीच माहीत आहे ती ‘जो’च्या वाक्यात जाते आणि नवी गोष्ट ‘तो’च्या वाक्यात येते. मुलांनी जोडीने हे दोन प्रश्न एकमेकांना विचारून पाहावेत. चुकीचं वाक्य उत्तर म्हणून आलं की ते कानाला अडकतं आणि नियम पाठ करावा लागत नाही.

सराव: जोडा, दुरुस्त करा, आटवा

सरावाचे तीन भाग आहेत, प्रत्येकी दहा मिनिटांचे.

पहिल्या भागात जोड्या जोडायच्या. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉम्री यांनी १९७७ साली पन्नासेक भाषा तपासून एक उतरंड मांडली. अशा वाक्यांनी कर्त्याची ओळख करून देणं भाषांना सगळ्यात सोपं जातं. मग कर्म, मग ज्याला काही दिलं तो, मग ‘-बरोबर’ किंवा ‘-तून’सारखे संबंध, मग ‘-चा’, आणि शेवटी तुलना. मराठीचा जो–तो या संपूर्ण उतरंडीवर चालतो, अगदी ‘ज्याच्यापेक्षा मी उंच आहे, तो’ इथपर्यंत. सरावाची वाक्यं याच क्रमाने द्यावीत: जो टेम्पो आला, जो माल टेम्पोने आणला, ज्या हमालाला मजुरी दिली, ज्या चालकाबरोबर मुकादम आला, ज्या गोदामाची किल्ली हरवली. ज्या पायरीवर वर्गाचा वेग मंदावतो, तिथे थांबून आणखी दोन जोड्या द्याव्यात आणि पुढच्या पायऱ्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवाव्यात.

दुसऱ्या भागात दुरुस्ती. फळ्यावर चार वाक्यं:

१. जो मुलगी पहिल्या बाकावर बसली आहे, ती वळची आहे.
२. जो हमालाने पेटी उचलली, तो घरी गेला.
३. ज्या गोदामात सूत ठेवलं आहे, त्याची किल्ली हरवली.
४. ज्या मुलाला बक्षीस मिळालं, त्याला आज रजेवर आहे.

तिसरं वाक्य बरोबर आहे. एक बरोबर वाक्य मुद्दाम ठेवायचं, नाहीतर मुलं वाक्य न वाचता बदल करू लागतात. प्रत्येक दुरुस्तीसोबत कारण एका शब्दात लिहायचं: ‘लिंग’, ‘रूप’ किंवा ‘विभक्ती’. पहिल्या वाक्यात लिंग चुकलं आहे. दुसऱ्यात रूप, कारण हमालाला ‘ने’ लागल्यावर ‘ज्या’ हवं. चौथ्यात पहिल्या भागातला ‘ला’ दुसऱ्यात उतरला आहे, म्हणून विभक्ती. चुकीला नाव देता आलं की मूल तीच चूक स्वतःच्या वहीत शोधू शकतं.

तिसरा भाग सगळ्यात रंगतो. सुरुवातीला बाजूला ठेवलेलं ‘दिवा फुटलेला टेम्पो’ आता उपयोगी येतं. जो–तोचं वाक्य आटवून ‘-लेला’ किंवा ‘-णारा’ करायचं आणि प्रत्येक वेळी विचारायचं: अर्थातलं काही सांडलं का?

‘जो टेम्पो काल आला, तो’ याचं ‘काल आलेला टेम्पो’ होतं. काहीच सांडत नाही, उलट वाक्य सुटसुटीत होतं. ‘जो हमाल माल उतरवतो, तो’ याचं ‘माल उतरवणारा हमाल’ होतं. पण ‘उतरवला’ आणि ‘उतरवील’ यांचंही ‘उतरवणारा’च होऊ शकतं. म्हणजे काळ सांडला. संदर्भाने तो कळत असेल तर ठीक, नाहीतर जो–तो हवा.

मग गोदामाचं उदाहरण. ‘ज्या गोदामातून माल आला, ते उद्या बंद आहे.’ आटवलं की ‘माल आलेलं गोदाम उद्या बंद आहे’ असं होतं. पण ‘ज्या गोदामात माल आला, ते’ याचंही आटवलेलं रूप तेच! माल तिथून निघाला की तिथे पोचला, ते कळत नाही, कारण ‘-तून’ आणि ‘-त’ हे प्रत्यय आटवताना गळून पडले. टेम्पो कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्यासाठी हा फरक छोटा नाही. ‘ज्या चालकाबरोबर मुकादम आला, तो’ याचं ‘मुकादम आलेला चालक’ केलं तर अर्थच लागत नाही, कारण ‘बरोबर’ गेलं. अशी उदाहरणं पाहिली की मुलांना एक व्यवहार्य कसोटी मिळते: प्रत्यय गळल्यावरही नातं कळत असेल तर आटवा, नसेल तर जो–तो ठेवा. ‘पाय मोडलेली खुर्ची’ यात ‘जिचा’ गळूनही नातं कळतं, म्हणून ते चालतं. तेलुगू घरातल्या मुलांना त्यांच्या आवडत्या रचनेची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात. त्यांना ‘-लेला’ सोडायला सांगण्याची गरज नसते.

शेवटची तपासणी

शेवटच्या १५ मिनिटांत प्रत्येक मूल एका चिठ्ठीवर चार उत्तरं लिहितं आणि नाव घालून देतं. दहा मिनिटं लिहिण्यासाठी, पाच मिनिटं उत्तरं तोंडी पडताळण्यासाठी. प्रश्न असे:

१. रिकामी जागा भरा: ‘____ मुली कबड्डी खेळतात, ____ उद्या ठाण्याला जाणार आहेत.’
२. जोडा: ‘एका मुलाने पेटी शोधली. सगळ्यांनी त्या मुलाचं कौतुक केलं.’
३. जोडा: ‘ताई एका मैत्रिणीबरोबर आली. ती मैत्रीण डॉक्टर आहे.’
४. आपल्या गावातल्या एका जागेची ओळख जो–तोच्या एका वाक्यात करून द्या. जागेचं नाव लिहायचं नाही.

पहिला प्रश्न लिंग-वचन पाहतो, उत्तर ‘ज्या’ आणि ‘त्या’. दुसरा दोन वेगळ्या विभक्ती पाहतो: ‘ज्या मुलाने पेटी शोधली, त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं.’ तिसरा प्रश्न ‘बरोबर’साठी आहे, कारण तिथे ‘-लेला’ने सुटका होत नाही: ‘ज्या मैत्रिणीबरोबर ताई आली, ती डॉक्टर आहे.’ टाळणारं मूल इथेच कळतं. ते दोन सुटी वाक्यं लिहितं, किंवा ‘ताईबरोबर आलेली मैत्रीण डॉक्टर आहे’ असं लिहितं. हे वाक्य बिनचूक आणि चांगलं मराठी आहे, अर्थही जवळपास तोच देतं. पण कोण कुणाबरोबर आलं याची दिशा त्याने उलटवली आहे आणि विचारलेलं नातं बांधलेलं नाही. त्याला चूक म्हणून लाल खूण करू नये. शेजारी ‘आता ज्या–ती वापरून’ एवढं लिहून चिठ्ठी परत द्यावी.

चौथ्या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. ‘ज्या झाडाखाली रिक्षा थांबतात, ते’ किंवा ‘जिथे गणपतीत मंडप घालतात, ती जागा’ अशी उत्तरं येतात. दुसऱ्या उत्तरातला ‘जिथे’ही ‘जो’च्याच कुळातला आहे, तो बरोबर धरावा. या उत्तराची कसोटी व्याकरणाच्या आधी अर्थाची आहे: वाक्य मोठ्याने वाचल्यावर वर्गाला जागा ओळखता आली का? दोन-तीन जागा ओळखल्या गेल्या तर वाक्याने निवडीचं काम नीट केलं नाही, आणि त्याच मुलाने त्यात आणखी एक खूण घालावी.

तासिकेनंतर शिक्षिका चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करते. पहिल्या प्रश्नात अडलेली मुलं, दुसऱ्या-तिसऱ्यात अडलेली मुलं आणि सगळं जमलेली मुलं. पहिल्या गठ्ठ्यासाठी दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं जो, जी, जे आणि त्यांची अनेकवचनं पुरतात. त्यासाठी सगळ्या वर्गाला थांबवायचं कारण नाही. दुसरा गठ्ठा वर्गाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा निघाला, तर पावतीचं उदाहरण पुन्हा सगळ्यांबरोबर सोडवावं, पण नव्या प्रत्ययांसह: ‘-कडून’, ‘-साठी’, ‘-पेक्षा’. त्या वेळेत तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांना वर्तमानपत्रातली एखादी छोटी बातमी द्यावी. तिच्यातले सगळे ‘-लेला’ आणि ‘-णारा’ शोधून ते उलगडून जो–तोमध्ये लिहायचे आणि प्रत्येक ठिकाणी कोणता प्रत्यय परत आला याची नोंद समासात करायची.